दोनशे बारचा हिशेब: हायड्रोजन कमी का पडला आणि आर्गॉन बरोबर कसा आला

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलच्या बारीक नळ्या बनवणारा एक छोटा कारखाना आहे. नळी ओढून बारीक केली की कडक होते. तिला पुन्हा मऊ करायला भट्टीतून न्यावं लागतं, आणि तिथे हवा लागली तर चकाकी जाते. म्हणून भट्टीत हायड्रोजन आणि नायट्रोजन सोडतात. शेजारच्या खोलीत टिग वेल्डिंग चालतं, त्याला आर्गॉन लागतो. तिन्ही गॅस सिलिंडरमधून येतात. सगळे सिलिंडर एकाच मापाचे: आतली जागा ५० लिटर, आणि १५ अंश सेल्सिअसला भरण्याचा दाब २०० बार.

मी गॅसच्या पाइपलाइनी आणि भट्ट्यांची तपासणी करतो. या कारखान्याने मला बोलावलं ते हायड्रोजनच्या भीतीपोटी. त्यांनी तिन्ही लाइनवर नवे मास फ्लो मीटर बसवले होते आणि पहिल्यांदाच सिलिंडरमागे किती गॅस प्रत्यक्ष वापरला जातो ते दिसायला लागलं होतं. स्टोअर सांभाळणाऱ्या काकांची वही जुन्या पद्धतीची होती. ५० लिटर गुणिले २०० बार म्हणजे १ बारला १०,००० लिटर, म्हणजे १० घनमीटर. सिलिंडर १० बारवर आला की बदलायचा, तेव्हा त्यात अर्धा घनमीटर उरतो. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे साडेनऊ घनमीटर वापर दिसायला हवा.

मीटरने सांगितलं ते असं: आर्गॉन साडेनऊ, अगदी बरोबर. नायट्रोजन ९. हायड्रोजन फक्त ८.३.

हायड्रोजनच्या प्रत्येक सिलिंडरमागे १.२ घनमीटरचा पत्ता नाही, म्हणजे बारा-तेरा टक्के. ज्वलनशील गॅस, बंद शेड, शेजारी हजार अंशांच्या वरची भट्टी. सेफ्टी ऑफिसर मॅडमनी तडक भट्टी थांबवली, आणि त्या क्षणी हातात असलेल्या माहितीवर तो निर्णय योग्यच होता. पुरवठादाराकडेही तक्रार गेली होती की हायड्रोजन कमी भरून येतो. आर्गॉनकडे मात्र कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. काका म्हणालेसुद्धा, "साहेब, आर्गॉनचं सोडा, ते चोख आहे. हायड्रोजनचं बघा."

आधी साध्या शंका

गळती खरंच आहे का, ते आकड्यांनीच विचारता येतं. हायड्रोजनचा एक सिलिंडर साधारण दोन दिवस चालत होता. १.२ घनमीटर गॅस दोन दिवसांत बाहेर जायचा तर ताशी २५ लिटर जायला हवा, म्हणजे मिनिटाला ४०० मिलिलिटरहून जास्त. एवढी गळती लपत नाही. सांध्यावर साबणाचं पाणी लावलं की तिथे नुसता फेस उसळतो, आणि सिलिंडरच्या मांडणीवर बसवलेला हायड्रोजन डिटेक्टरही गप्प बसत नाही. मॅडमच्या माणसांनी प्रत्येक सांधा साबणाने तपासला होता. लाइन बंद करून रात्रभर दाब धरून ठेवला होता. पहाटे हवा गार झाल्यामुळे दाब जेवढा उतरायला हवा होता तेवढाच उतरला होता. लाइन शाबूत होती.

मग सिलिंडरच कमी भरून येतात का? त्यासाठी आलेल्या सिलिंडरवर गेज लावला. इथे तापमानाचं भान ठेवावं लागतं. २०० बार हा आकडा १५ अंशांचा आहे, आणि नवी मुंबईत सिलिंडर १५ अंशांवर कधीच नसतो. पावसाळ्यात सावलीत ठेवलेला सिलिंडर २७ अंशांच्या आसपास असतो, आणि नीट भरलेला असेल तर त्याचा दाब २०० नव्हे, साधारण २०८ ते २१२ दिसायला हवा. गॅस कोणता, त्यावर त्या पट्ट्यात तो थोडा वर-खाली असतो. तिन्ही गॅसचे सिलिंडर या पट्ट्यातच निघाले. म्हणजे पुरवठादाराने दाबात काही कमी केलं नव्हतं.

तिसरी शंका मीटरची. मास फ्लो मीटर जे घनमीटर दाखवतो ते कोणत्या तापमानाचे आणि दाबाचे, हे त्याच्या सेटिंगवर ठरतं. एक मीटर शून्य अंशाच्या हिशेबाने मोजत असेल आणि बिल १५ अंशांच्या हिशेबाने येत असेल, तर काहीही न हरवता पाच टक्क्यांची तफावत दिसते. या गोंधळाने मी चांगले जाणते लोकही भांडताना पाहिले आहेत. इथे मात्र तिन्ही मीटर १५ अंश आणि १ बार यावरच लावलेले होते. शिवाय मीटर रेग्युलेटरच्या पुढे, जेमतेम चार-पाच बारवर होता, आणि एवढ्या कमी दाबाला तिन्ही गॅस आदर्श वायूच्या नियमाला जवळपास पूर्ण धरून वागतात. मीटरवर संशय घ्यायला जागा नव्हती.

मग उरली ती वही.

वहीतलं गृहीत

"५० गुणिले २००" या गुणाकारामागे बॉइलचा नियम आहे: दाब दोनशे पट केला की गॅस दोनशे पट आकसतो. हे आदर्श वायूचं वर्तन झालं. आदर्श वायू म्हणजे ज्याच्या रेणूंना स्वतःचं आकारमान नाही आणि ज्यांच्यात एकमेकांबद्दल ओढ नाही. असा वायू अस्तित्वात नाही, पण १ बारच्या आसपास हवा, आर्गॉन, हायड्रोजन हे सगळे इतके जवळपास तसे वागतात की फरक काढायला बारकाईची मापं लागतात.

खरा वायू किती सरकला हे सांगणारी संख्या म्हणजे संपीड्यता गुणांक, Z.

Z = PV / nRT

इथे P म्हणजे दाब, V आकारमान, n मोलमध्ये मोजलेला माल, T केल्व्हिनमधलं तापमान आणि R वायूंचा स्थिरांक. याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. दिलेल्या दाबाला आणि तापमानाला आदर्श वायूने जेवढी जागा घेतली असती, तिच्या किती पट जागा खरा वायू घेतो, ते Z सांगतो. Z एकापेक्षा कमी असेल तर वायू अपेक्षेपेक्षा जास्त आकसला, म्हणजे त्याच बाटल्यात, त्याच दाबाला, जास्त माल मावला. Z एकापेक्षा जास्त असेल तर कमी मावला. सिलिंडरच्या हिशेबात त्यामुळे एकच दुरुस्ती होते: १० घनमीटरला Z ने भागायचं.

१५ अंश आणि २०० बार या स्थितीत तिन्ही गॅसचा Z वेगळा आहे. आर्गॉनचा सुमारे ०.९४, म्हणून ५० लिटरमध्ये १० नव्हे तर १०.६ घनमीटर मावतो. नायट्रोजनचा सुमारे १.०५, म्हणून ९.५. हायड्रोजनचा सुमारे १.१३, म्हणून जेमतेम ८.८ ते ८.९.

आता प्रत्येकातून उरलेला अर्धा घनमीटर वजा करा. १० बारला Z जवळपास एकच असतो, त्यामुळे तिथे दुरुस्ती लागत नाही. हायड्रोजनचा अपेक्षित वापर येतो सुमारे ८.३. मीटर ८.३ दाखवत होता. नायट्रोजनचा येतो ९. मीटर ९ दाखवत होता.

हायड्रोजन कुठेही गेला नव्हता. तो सिलिंडरमध्ये कधी आलाच नव्हता, आणि त्यात भरणाऱ्याचा दोष नव्हता. २०० बारला हायड्रोजन तेवढाच मावतो.

तीन गॅस तीन तऱ्हेने का वागतात

मॅडमनी इथे नेमका प्रश्न विचारला. "सर, दाब सारखा, तापमान सारखं, बाटला सारखा. मग एक कमी मावतो आणि एक जास्त मावतो, हे कसं?"

याचं उत्तर रेणूंमधल्या अंतरात आहे. १ बारला आर्गॉनच्या दोन शेजारी अणूंमध्ये सरासरी ३.४ नॅनोमीटर अंतर असतं. अणूचा स्वतःचा व्यास धरला जातो ०.३४ नॅनोमीटर. म्हणजे दोघांमध्ये अणूच्या दहापट अंतर, आणि एवढ्या लांबून एकाला दुसऱ्याचा पत्ताही नसतो. २०० बारला भरलेल्या सिलिंडरमध्ये हेच अंतर ०.५७ नॅनोमीटरवर येतं. आता दोघांमध्ये अणूच्या पावणेदोनपटही अंतर उरलेलं नाही. इथे दोन गोष्टी एकाच वेळी जाग्या होतात.

पहिली म्हणजे ओढ. प्रत्येक अणूभोवतीचा इलेक्ट्रॉनचा ढग क्षणोक्षणी थोडा इकडे-तिकडे सरकतो, त्यामुळे शेजाऱ्याचा ढगही सरकतो, आणि दोघांमध्ये क्षीण आकर्षण तयार होतं. ते अंतराच्या सहाव्या घाताने घटतं, म्हणून लांबवर शून्यवत आणि जवळ आल्यावर झपाट्याने वाढणारं. भिंतीकडे निघालेल्या अणूला मागचे शेजारी किंचित मागे खेचतात आणि तो भिंतीवर थोड्या कमी जोराने आदळतो. गेज हा आदळण्याचा जोरच मोजतो. म्हणून ओढ जास्त असेल तर त्याच मालाचा दाब कमी दिसतो. दाब २०० पर्यंत न्यायचा तर आणखी माल भरावा लागतो. Z खाली येतो.

दुसरी म्हणजे जागा. दोन अणू एकमेकांत घुसत नाहीत. ढग एकमेकांवर चढायला लागले की प्रतिकर्षण अंतराबरोबर ओढीपेक्षाही जास्त वेगाने वाढतं. म्हणून ५० लिटरच्या बाटल्यात फिरायला ५० लिटर मोकळे नसतातच. जागा कमी म्हणून टकरा जास्त, टकरा जास्त म्हणून दाब जास्त. २०० बार कमी मालातच गाठले जातात. Z वर जातो.

या दोन्ही गोष्टी प्रत्येक वायूत एकत्रच चालतात. १८७३ मध्ये व्हॅन डर वाल्स यांनी लायडनच्या आपल्या प्रबंधात या दोन्हींना एकेक स्थिरांक दिला: ओढीसाठी a आणि जागेसाठी b. त्यांचं समीकरण असं:

P = nRT / (V − nb) − a(n/V)²

हे पाठ करण्यापेक्षा त्यात या सिलिंडरचे आकडे घालून पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं. आर्गॉनने सुरुवात करू. भरलेल्या सिलिंडरमध्ये प्रत्येक लिटरमागे ८.८५ मोल आर्गॉन असतो. तो आदर्श असता तर दाब २१२ बार झाला असता. अणूंनी अडवलेली जागा हिशेबात घेतली की तोच दाब २९६ बारवर चढतो. मग ओढ त्यातून सुमारे १०७ बार काढून घेते आणि उरतात १८९. दोन्ही परिणाम प्रचंड आहेत. मात्र एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे बाहेर फक्त थोडी तफावत दिसते.

हायड्रोजनसाठी हेच करा. प्रत्येक लिटरमागे ७.४ मोल, आदर्श दाब १७७ बार. अडवलेल्या जागेमुळे तो २२० वर जातो, म्हणजे वाढ ४३ बारची. ओढ मात्र त्यातून फक्त साडेतेरा बार कमी करते. हायड्रोजनच्या रेणूत इलेक्ट्रॉन मुळात दोनच, आणि तेही घट्ट बांधलेले, त्यामुळे ढग सरकायला वावच कमी. त्याचा a आर्गॉनच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आहे, पण b फारसा कमी नाही. जागा पूर्ण अडते आणि ओढ नावापुरती राहते. म्हणून नेहमीच्या तापमानाला हायड्रोजनचा Z कोणत्याही दाबाला एकाच्या खाली जातच नाही. तो खाली गेलेला पाहायचा असेल तर त्याला उणे १६३ अंशांच्याही खाली थंड करावं लागतं. फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्यो यांना १८४७ च्या सुमारास हायड्रोजनचं हे उलटं वागणं मोजमापातच दिसलं होतं, त्याचं कारण कोणाला ठाऊक होण्याच्या बरंच आधी.

नायट्रोजन मला या तिघांत सर्वांत शिकवणारा वाटतो. त्याचा a आणि आर्गॉनचा a जवळजवळ सारखे आहेत, १.३७ आणि १.३६. म्हणजे ओढीत फरक नाही. मग एकाचा Z ०.९४ आणि दुसऱ्याचा १.०५ का? फरक b मध्ये आहे: आर्गॉनचा ०.०३२ आणि नायट्रोजनचा ०.०३९ लिटर प्रतिमोल. नायट्रोजनचा रेणू दोन अणूंचा, लांबुळका, जास्त जागा अडवणारा. कमी दाबाला त्याचाही Z एकाच्या किंचित खालीच असतो. दाब वाढत गेला की अडलेली जागा जड व्हायला लागते, शंभर बारच्या आसपास Z पुन्हा एकाला येऊन भिडतो आणि २०० ला पाच टक्के वर असतो. "ओढ जास्त म्हणून Z कमी" एवढंच लक्षात ठेवणारा विद्यार्थी या जोडीपाशी अडखळतो. उच्च दाबाला जागेचा वाटा तितकाच निर्णायक असतो.

एक मर्यादाही इथेच सांगायला हवी. आर्गॉनच्या हिशेबात आपल्याला २०० ऐवजी १८९ मिळाले, हायड्रोजनमध्ये २०७ आणि नायट्रोजनमध्ये सुमारे १८८. म्हणजे हे समीकरण कारण बरोबर सांगतं, पण आकडा साडेतीन ते सहा टक्क्यांनी चुकवतं, आणि आपण ज्या तफावतीचा शोध घेत आहोत तीही तेवढीच आहे. समजण्यासाठी a आणि b उत्तम आहेत. बिल ठरवायला किंवा गळती शोधायला मात्र मोजून तयार केलेल्या कोष्टकातला Z च घ्यावा.

मग आर्गॉनचं काय?

आता त्या लाइनकडे येऊ, जिच्याबद्दल सगळे निर्धास्त होते.

आर्गॉनच्या सिलिंडरमध्ये १०.६ घनमीटर असतो. १० बारवर बदलताना अर्धा उरतो. वापर दिसायला हवा १०.१. मीटर दाखवत होता ९.५. वहीशी आकडा तंतोतंत जुळत होता, कारण वहीचं गृहीत सहा टक्क्यांनी खाली होतं आणि मीटरपर्यंत पोचणारा गॅसही सहा टक्क्यांनी कमी होता. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या.

तरी नुसत्या कोष्टकावर विसंबून कारखान्याची लाइन उघडायला लावणं मला पटत नाही. आर्गॉनच्या बाबतीत दुसरा, स्वतंत्र पुरावा सहज मिळतो, तो वजनाचा. १५ अंश आणि १ बारला आर्गॉनचा एक घनमीटर १.६७ किलो भरतो. आदर्श हिशेबाने भरलेल्या सिलिंडरमध्ये १६.७ किलो आर्गॉन असेल, खऱ्या हिशेबाने १७.७. एक किलोचा फरक साध्या प्लॅटफॉर्म काट्यावर दिसतो. काकांनी आर्गॉनचे काही सिलिंडर लावण्याआधी आणि काढल्यावर वजन करून ठेवले. टोपी आणि गार्ड दोन्ही वेळा सारखेच, कारण तिथे शे-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे होतात. प्रत्येक सिलिंडरमधून साधारण १६.८ किलो गॅस बाहेर पडत होता. त्याचे घनमीटर होतात १०.१. म्हणजे सिलिंडरमधून १०.१ निघतात आणि मीटरला ९.५ दिसतात. मधल्या तुकड्यात ०.६ घनमीटर जात होता.

हीच परीक्षा हायड्रोजनवर चालत नाही, हे आवर्जून सांगतो, कारण लोक तिथे वजन करून फसतात. हायड्रोजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये एकूण गॅसच पाऊण किलो असतो. आदर्श आणि खऱ्या हिशेबातला फरक शंभर ग्रॅमही नाही, आणि बाटला स्वतः साठ किलोच्या घरातला. काट्याची बारकाईच तेवढी नसते. नायट्रोजनला मात्र फरक सहाशे ग्रॅमच्या आसपास येतो, तो चांगल्या काट्यावर पकडता येतो.

आर्गॉनचा सिलिंडर साधारण तीन दिवस टिकत होता. तीन दिवसांत ०.६ घनमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे १४० मिलिलिटर. ही गळतीही लपणारी नाही, फक्त तिथे कोणी पाहिलंच नव्हतं. आर्गॉन जळत नाही, वास नाही, त्याच्यासाठी डिटेक्टर बसवलेला नाही, आणि वही चोख. सिलिंडरपासून मॅनिफोल्डला जोडणाऱ्या वेटोळ्या नळीच्या टोकाशी साबणाचं पाणी लावलं तेव्हा बुडबुड्यांची माळ लागली. तिथला सील एका कडेने चिरलेला होता. सिलिंडर बदलताना नळी जिथे वाकते, बरोबर त्याच बाजूला. सील बदलल्यावर आर्गॉनचा वापर सिलिंडरमागे दहाच्या पुढे दिसायला लागला आणि काकांच्या वहीत पहिल्यांदाच "जास्त" असा शेरा आला.

आर्गॉन हवेपेक्षा जड असतो. वेल्डिंगची ती खोली मोठी आणि हवेशीर होती म्हणून निभावलं. तळघरात किंवा खड्ड्यात हीच गळती महिनोन्‌महिने राहिली असती तर खाली साचून तिथल्या प्राणवायूची जागा घेतली असती. हायड्रोजनसाठी थांबवलेली भट्टी त्याच दिवशी पुन्हा पेटवायला हरकत नव्हती. काम आर्गॉनच्या लाइनवर होतं.

Z बरोबर १ आला तरी

खरेदी पाहणाऱ्या ताईंनी शेवटी विचारलं की ३०० बारचे सिलिंडर घेतले तर वाहतूक वाचेल ना, दाब दीडपट म्हणजे माल दीडपट. पुरवठादाराचा देकारही दीडपट दराचाच होता.

नायट्रोजनचा विचार करा. ३०० बारला आदर्श हिशेब १५ घनमीटर सांगतो. प्रत्यक्षात ५० लिटरमध्ये सुमारे १३.१ मावतो. ९.५ वरून १३.१ म्हणजे वाढ अडतीस टक्क्यांची. जागा आधीच अडलेली असताना वरचे शंभर बार पहिल्या शंभराइतका माल आणत नाहीत. हायड्रोजन ८.८५ वरून सुमारे १२.६ ला जातो, म्हणजे बेचाळीस टक्के.

आर्गॉनची गोष्ट वेगळी दिसते. ३०० बारला त्याचा Z एकाच्या अगदी जवळ येतो आणि सिलिंडरमध्ये सुमारे १५ घनमीटर मावतो. वहीतला साधा गुणाकारही १५ च सांगतो. ताईंना वाटलं की जास्त दाबाला आर्गॉन आदर्श झाला. तसं अजिबात नाही. ३०० बारला त्याचे अणू २०० पेक्षाही जवळ आलेले असतात, ओढ आधीपेक्षा जास्त असते आणि अडलेली जागाही जास्त असते. त्या विशिष्ट दाबाला आणि तापमानाला दोन्ही एकमेकांना बरोबर फेडतात, इतकंच. दाब आणखी वाढवा, Z एकाच्या वर निघून जाईल. तापमान बदला, फेड मोडेल. आणि ताईंच्या तुलनेसाठी महत्त्वाचं म्हणजे, सुरुवात १० पासून नव्हे तर १०.६ पासून आहे. १०.६ वरून १५ म्हणजे इथेही वाढ एकेचाळीस-बेचाळीस टक्क्यांचीच. दीडपट दर तिन्ही गॅसना महागच पडतो, आणि नायट्रोजनला सर्वांत जास्त.

म्हणून ताईंनी पुरवठादाराकडे बारमागचा दर न मागता १५ अंश आणि १ बारच्या घनमीटरमागचा दर मागितला. काकांच्या वहीत दोन रकाने वाढले: एक सिलिंडर लावतानाच्या तापमानाचा, दुसरा त्या गॅसच्या Z चा. भट्टीसाठी हायड्रोजन-नायट्रोजनचं तयार मिश्रण घ्यायचा विचार चालू आहे. त्या मिश्रणाचा Z दोघांची सरासरी काढून लिहायचा नाही, एवढं मी त्या रकान्याशेजारी लिहून ठेवलं आहे. हायड्रोजन आणि नायट्रोजनच्या रेणूंमधली आपसातली ओढ ही तिसरीच गोष्ट असते. तिचा आकडा त्याच प्रमाणातल्या मिश्रणासाठी मोजलेल्या कोष्टकातून घ्यायचा, आणि तो मिळेपर्यंत त्या सिलिंडरच्या वापरात पाच टक्क्यांपर्यंतचा फरक दिसला तर लगेच गळती म्हणून नोंदवायचा नाही, आधी साबणाचं पाणी लावायचं.